गार झाल्यावर खाऊन बघ

माझ्या हातच्या मसालेभातामुळे एक मैत्रीण राजगडाच्या उतरणीवर चाळीस मिनिटं दगडाला टेकून बसली होती. भात खाऊन ती आजारी पडली, असं नाही. तो भात कुणालाच खाता आला नाही, म्हणून.

जुलैमधली गोष्ट. आम्ही सहा जण होतो आणि गुंजवण्याच्या बाजूने चढणार होतो. खाण्याची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली होती. दर वेळी बिस्किटं आणि वेफर्स खाऊन कंटाळा आला होता, त्यामुळे या वेळी गडावर ‘खरं जेवण’ न्यायचं असं मी ठरवलं. पहाटे चारला उठून मसालेभात केला. वरून साजूक तूप सोडलं, ओलं खोबरं आणि कोथिंबीर भुरभुरली, आणि वाफाळता भात मोठ्या स्टीलच्या डब्यात दाबून भरला. झाकण घट्ट लावलं, डब्याभोवती टॉवेल गुंडाळला. गरम राहील, असा हिशोब.

पद्मावती माचीवर पोचून डबा उघडेपर्यंत दुपारचा एक वाजला होता. झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं. कडेचा भात गार पडून गोळा झाला होता आणि त्यावर तुपाचे पांढरे ठिपके धरले होते. मध्ये मात्र भात अजून कोमट होता, आणि त्याला आंबूस वास येत होता. चमचे मी घरीच विसरलो होतो. चोर दरवाज्याखालच्या कड्यावर रेलिंग धरून चढताना सगळ्यांचे हात चिखलाने माखले होते, आणि पाऊस काही थांबत नव्हता. आम्ही सहा जणांनी एकमेकांकडे बघितलं आणि झाकण परत लावलं.

जेवणात काय मिळालं? दोन बिस्किटांचे पुडे आणि एक चिक्की. उतरताना त्याच कड्यावर मैत्रिणीचे हात थरथरायला लागले. रेलिंगची पकड सुटतेय असं वाटून ती खाली बसली आणि उठेचना. कुणाच्या तरी सॅकच्या तळाशी थोडा गूळ सापडला, तो खाऊन पाणी प्यायल्यावर ती सावरली. खाली गावात पोचलो तेव्हा अंधार झाला होता. कुणी मला काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

घरी येऊन डबा घासताना आईला सगळं सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला.

“तो भात तू गार झाल्यावर खाऊन बघितला होतास का?”

“गार कशाला खाऊ? गरम असतानाच चव घेतली. मस्त झाला होता.”

“पण तुम्ही खाणार होतात गार. मग गरम चव घेऊन काय कळणार?” मग ती ओटा पुसता पुसता म्हणाली, “मी बावीस वर्षं गारच जेवतेय रे. मला विचारायचंस.”

आई एका ऑफिसात नोकरी करते. तिथे मायक्रोवेव्ह नाही. सकाळी सहाला केलेला डबा ती दुपारी दीडला खाते. माझा डबा, बाबांचा डबा आणि तिचा डबा एकाच कढईतून भरला जातो, हे मला माहीत होतं. पण तो डबा दुपारी दीडला कसा लागतो, हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात आईने मला एक परीक्षा लावून दिली. ट्रेकला न्यायचा पदार्थ सकाळी करायचा, डब्यात भरायचा आणि दुपारी उभ्याने, एकाच हाताने, चमचा न घेता खायचा. पाच दिवस, पाच पदार्थ. ऑफिसमधल्या लोकांना वाटलं, मी कसला तरी नवस बोललोय.

पहिल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी नेली. गरम असताना मऊ, मोकळी आणि पारदर्शक असलेली ती खिचडी दुपारी वाटाण्यासारखी टणक झाली होती. शिजवताना पिष्ट पाणी शोषून फुगतं आणि मऊ होतं. गार होताना त्याचे कण पुन्हा एकमेकांना धरून घट्ट बसतात आणि पाणी बाहेर टाकतात. कालचा भात कडक होतो, सकाळचे पोहे दुपारी कोरडे लागतात, त्याचंही कारण हेच. फ्रिजमध्ये ठेवलं की ही गोष्ट आणखी वेगाने होते, म्हणून रात्री करून फ्रिजमध्ये ठेवण्याची युक्ती इथे उलटीच पडते. शिवाय खिचडीतलं दाण्याचं कूट निम्मं माझ्या शर्टवर सांडलं.

दुसऱ्या दिवशी बटाट्याचा पराठा, तव्यावर तूप सोडून भाजलेला. चव बरी होती, पण प्रत्येक घासानंतर टाळूला मेणासारखं काहीतरी चिकटायचं. ते तूप होतं. हवा गार असली की साजूक तूप थिजतं, तोंडात लगेच विरघळत नाही. शेंगदाण्याचं तेल त्याच थंडीत पातळच राहतं. त्यामुळे गार खायच्या पदार्थात फोडणी आणि भाजणं दोन्ही तेलावर करायचं, हा आईचा नियम. आणखी एक अडचण होती. पराठ्याची गुंडाळी करायला गेलो तर तो सारणाच्या जागी फाटला.

तिसऱ्या दिवशी इडल्या, तेलात कालवलेली चटणीपूड लावून. हा पदार्थ चवीला पूर्ण पास झाला. पिठाचा आंबटपणा गार झाल्यावरही जाणवतो आणि पुडीचा तिखटपणाही टिकतो. पण चार इडल्या खाल्ल्यावर पाचही बोटं तेलाने माखली. घरी हात धुता येतो. गडावर तोच हात आधी चिखलात होता आणि नंतर पुन्हा दोराला किंवा दगडाला लागणार आहे.

चौथ्या दिवशी तिखट-मिठाच्या पुऱ्या. यांना ताटही लागत नाही आणि तोंडीलावणंही लागत नाही. अडचण एवढीच की दिवसभर त्याच खाल्ल्या तर तहान फार लागते, आणि पाणी पाठीवर वाहायचं असतं. दोन-तीन पुऱ्या ठीक, अख्खं जेवण नको.

पाचव्या दिवशी आईने दशमी करायला सांगितली, पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या कणकेची. दुपारी दीडला मी ती उघडली आणि नुसतीच खाऊन संपवली. सकाळची पोळी दुपारी कडेने वातड होते, ही झाली नव्हती. दुधातली आणि मोहनातली स्निग्धता कणकेत मुरलेली असते, त्यामुळे ती गार झाल्यावरही लवकर कडक होत नाही. दुधामुळे तिला किंचित गोडसर चवही असते, म्हणून तिखटाबरोबर ती छान जमते. पूर्वी लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं दशम्या का बांधून घ्यायची, ते मला त्या दिवशी जिभेने कळलं.

मग राहिला मसालेभाताचा प्रश्न. तो आंबला कसा? मी तर गरम भरला होता.

“गरम भरलास म्हणूनच,” आई म्हणाली. तिने कारण दोन वाक्यांत सांगितलं. पुढचं मी नंतर वाचलं. कच्च्या तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते शिजवल्यानेही मरत नाहीत. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात ते जागे होतात आणि वाढतात. ६० च्या वर भात ठेवता आला असता तर हरकत नव्हती, पण टॉवेलने तेवढं जमत नाही. टॉवेलने एवढंच केलं की भाताला कित्येक तास नेमकं कोमट ठेवलं. वर ओलं खोबरं होतं, झाकणाला धरलेली वाफ पाणी होऊन परत भातावर पडत होती. आमच्या भाताला वास आला हे नशीबच म्हणायचं. दर वेळी वास येतोच असं नाही, आणि यातल्या एका प्रकारचं विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात, खोबरं, पनीर, दह्याची कोशिंबीर या गोष्टी दिवसभराच्या डब्यातून बाहेर. कांदाही नको, तो लवकर पाणी सोडतो.

म्हणजे डबा भरण्याचा नियम मी करत होतो त्याच्या नेमका उलटा निघाला. पदार्थ आधी पूर्ण गार करायचा, मगच झाकण लावायचं. ताटात पसरून, दशमी असेल तर जाळीवर किंवा सुती फडक्यावर एकेक सुटी ठेवून. ताटलीत एकावर एक रचली तर खालची वाफेने भिजते. गार झाली की नाही, हे बघायची सोपी खूण आहे. झाकण लावून पाच मिनिटांनी उघडायचं. आतून दव धरलं असेल तर घाई झालीय.

डिसेंबरमध्ये आम्ही पुन्हा राजगडाला जायचं ठरवलं. या वेळी पाली दरवाज्याच्या बाजूने, कारण तिथे पायऱ्या आहेत आणि आमच्याबरोबर आई येणार होती. चौघं जण: मी, आई, जुलैमधली ती मैत्रीण आणि आणखी एक मित्र. निघायच्या आदल्या दिवशी मी आईला सांगितलं, “उद्या तू स्वयंपाकघरात यायचं नाहीस.” तिने मान हलवली, पण पहाटे साडेतीनला मला ओट्याशी खुडबुड करताना ऐकून ती दारात येऊन उभी राहिलीच. आत मात्र आली नाही.

चौघांसाठी माणशी तीन, म्हणजे बारा दशम्या. साडेतीनशे ग्रॅम कणीक, दोन मोठे चमचे तेल, पाव चमचा मीठ, आणि भिजवायला साधारण दोनशे मिलिलिटर दूध. दूध उकळून कोमट केलेलं घ्यायचं आणि एकदम ओतायचं नाही. कणीक नेहमीच्या पोळीपेक्षा किंचित सैल हवी. वीस मिनिटं झाकून ठेवायची. लाटताना पिठी कमी, कारण वर राहिलेलं कोरडं पीठ गार झाल्यावर जिभेला लागतं. भाजताना आच मध्यम ठेवायची. मोठ्या आचेवर दुधामुळे डाग लवकर पडतात, वरून भाजल्यासारखी दिसते आणि आत कच्ची राहते. कच्ची राहिलेली दशमी टिकत नाही.

आत लावायला शेंगदाण्याची चटणी. एक वाटी भाजलेले दाणे, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, थोडं जिरं, मीठ. पहिल्यांदा केली तेव्हा ती भुरभुरीत झाली होती आणि दशमी उचलली की खालून गळायची. दाणे तेल सोडेपर्यंत कुटायचे, मिक्सर असेल तर थांबत थांबत आणखी चार वेळा फिरवायचा. चटणी मुठीत दाबल्यावर तिचा मुटका वळला म्हणजे ती दशमीला धरून बसते.

आणि बटाट्याची पिवळी भाजी, अर्धा किलो बटाट्यांची. यातही एक चूक मी आधी करून बघितली होती. लग्नातल्यासारख्या नीट चौकोनी फोडी केल्या होत्या, त्या गुंडाळीतून टपाटप पडल्या. आता बटाटे हाताने जाडसर कुस्करतो, म्हणजे भाजी दशमीला चिकटते. तेलावर मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता, मग बटाटा आणि मीठ. लिंबू मात्र भाजी गार झाल्यावर पिळायचं, आणि चवही तेव्हाच घ्यायची. गरम असताना मिरची-कढीपत्त्याचा वास नाकात भरलेला असतो, त्यामुळे सगळं भरपूर वाटतं. गार झालं की वास उठत नाही आणि तीच भाजी सपक लागते. त्या पहाटे गार भाजीला मी चिमूटभर मीठ आणि अर्धं लिंबू जास्त घातलं.

शेवटी बेसनाचे लाडू. इथे तूपच हवं. ज्या थिजलेल्या तुपाने पराठा बिघडवला, तेच तूप लाडवाला बांधून ठेवतं. डिसेंबरच्या गारठ्यात लाडू सॅकमध्ये घट्ट राहतो, मे महिन्यात मात्र त्याचा पेढा होतो. तेव्हा चिक्की किंवा खजूर बरा.

उरला हातांचा प्रश्न. त्यावरचा उपाय साधा आहे, पण तो सुचायला मला पाच महिने लागले. दशमीची गुंडाळी करून खालचा अर्धा भाग बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळायचा आणि टोक आत दुमडायचं. खाताना मळका हात फक्त कागदाला लागतो. खात जायचं तसा कागद खाली सोलत जायचा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अन्नाला लागते. बटाट्याच्या सहा गुंडाळ्या एका डब्यात, चटणीच्या सहा दुसऱ्या डब्यात, कारण खाण्याचा क्रमही ठरलेला होता. ओलं आधी, कोरडं नंतर. बटाटा पहिल्या थांब्यावर संपवायचा, काही झालं तरी उन्हं चढायच्या आत. चटणीच्या गुंडाळ्या आणि लाडू दुपारसाठी आणि उतरणीसाठी.

सव्वापाचला डबे भरले. पाच मिनिटांनी झाकण उघडून बघितलं, कोरडं होतं.

पाली दरवाज्याच्या खाली पायऱ्यांवर आम्ही नऊच्या सुमाराला थांबलो. आई दमली होती, पण सांगत नव्हती. मी तिच्या हातात बटाट्याची गुंडाळी दिली. तिचा एक हात कातळावर टेकलेला होता, तिने दुसऱ्या हाताने ती घेतली आणि उभ्यानेच खायला लागली. मी तिच्याकडे बघत होतो. बावीस वर्षांत तिला दुपारी जेवताना मी बहुधा पहिल्यांदाच नीट बघत असेन, आणि हे तर दुपारचंही नव्हतं.

“मीठ बरोबर झालंय,” ती म्हणाली. दोन घास झाल्यावर, “दशमी थोडी जाड लाटलीस. पण मऊ आहे.”

तिने अख्खी संपवली, कागदाची घडी करून माझ्याकडे परत दिली आणि विचारलं, “अजून आहे ना?”

दुपारी पद्मावती तलावाजवळ चटणीच्या गुंडाळ्या झाल्या. उतरायच्या आधी मैत्रिणीने न विचारता डब्यातून एक लाडू उचलला आणि रुमालात बांधून जॅकेटच्या खिशात टाकला. जुलैचं कुणीच काही बोललं नाही. उतरणीवर मध्येच थांबून तिने तो खाल्ला आणि बोटं चाटून पुढे निघाली. खाली पोचलो तेव्हा ऊन होतं.

सोमवारी सकाळी आईच्या आधी उठून मी तिचा डबा भरला. तेलावरची भेंडीची सुकी भाजी आणि दोन दशम्या, या वेळी पातळ लाटलेल्या. भाजी ताटात पसरून गार केली, चव घेतली, थोडं लिंबू पिळलं. आई आंघोळ करून आली तेव्हा झाकण अजून उघडंच होतं.

“लाव की झाकण, उशीर होतोय,” ती म्हणाली.

“पाच मिनिटं थांब,” मी म्हटलं.